रात्री बूस्टर पंप सारखा चालू-बंद व्हायचा, शेवटी सापडलं कारण

आमची इंदिरानगरची सात मजली बिल्डिंग, गच्चीवरच्या टाकीतून खालच्यांना पाणी जोरात पण सातव्या मजल्यावर टाकीची उंचीच जेमतेम तीन मीटर म्हणजे प्रेशर ०.३ बार, गिझर-शॉवर चालतच नव्हते. म्हणून वरच्या दोन मजल्यांपुरताच व्हीएफडीवाला, म्हणजे गरजेप्रमाणे पंपाचा वेग बदलणारा ड्राईव्ह असलेला बूस्टर बसवला, सेटिंग २ बार. खालचे मजले जुन्याच पद्धतीवर ठेवले आणि ते बरंच झालं, लाईट गेली तरी त्यांचं पाणी थांबत नाही.

सहा महिन्यांनी रात्री दोन वाजता, कोणी नळ उघडलेला नसताना, पंप दर मिनिटाला सुरू व्हायला लागला. मेकॅनिक म्हणाला ड्राईव्ह बदला. मी आधी पंपाच्या पुढचा व्हॉल्व्ह बंद करून पाहिला तर पंप एकदम शांत, म्हणजे पाणी मागे जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह ठीक होता आणि पाणी फ्लॅटमध्येच कुठेतरी जात होतं. ७०२ मधल्या काकूंचा फ्लश बारीक गळत होता.

पण एवढ्याशा गळतीला पंप इतक्यांदा का उठावा? मग पंपाचा छोटा प्रेशर टँक बघितला, त्यातली हवा दाब धरून ठेवते म्हणून थोड्याशा पाण्याला पंप लगेच उठत नाही. पंप बंद केला, टँकमधलं पाणी पूर्ण काढलं (हे न करता मोजलं तर रीडिंग चुकतं) आणि टायरचा गेज लावला तर हवा शून्य! पिन दाबल्यावर पाणी आलं असतं तर आतला रबरी फुगा फाटलेला, तसं नव्हतं. सायकलच्या पंपाने २० पीएसआय भरली, म्हणजे सेटिंगच्या साधारण ७० टक्के. फ्लशचा वॉशर बदलला. आता रात्रभर पंप झोपलेला असतो, हवा मात्र दर सहा महिन्यांनी तपासतो.