दर्शनी भिंत कडीपाटाला बांधण्यापूर्वी

भूकंपात रस्त्याकडची भिंत सुटून पडू नये म्हणून ती कडीपाटाला, म्हणजे कड्या आणि फळ्यांच्या लाकडी जमिनीला, जखडून घ्यायची, हे काम गेल्या हिवाळ्यात बडोद्याच्या दांडिया बाजारात आत्याच्या घरी झालं. आता गल्लीतल्या आणखी दोन घरांची तयारी सुरू आहे आणि सगळे तेच विचारतात: कारागीर येण्याआधी काय काय करून ठेवायचं? म्हणून आम्ही जे केलं आणि जे आधीच करायला हवं होतं, ते क्रमाने लिहितो.

घर दोन मजली, विटा-चुन्याचं. रस्त्याकडची भिंत नऊ मीटर लांब, दीड फूट जाड, बाहेरून विटांची कोरीव पट्टी आणि लाकडी झरोका. बडोदा भूकंपाच्या नकाशात तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात येतं. २६ जानेवारी २००१ चा कच्छचा धक्का इथेही जाणवला आणि २३ मार्च १९७० चा भूकंप तर शेजारच्या भरूचचा. अशा घरात बहुतेक वेळा आधी दगा देते ती दर्शनी भिंत. ती जागच्या जागी चुरा होत नाही, घरापासून सुटून अख्खी रस्त्यावर पडते. आत्याची अट एकच होती, "रस्त्यावरून बघणाऱ्याला काही कळता कामा नये, बाळा." विटांच्या इमारती भूकंपासाठी मजबूत करण्याच्या भारतीय मानकात, आयएस १३९३५ मध्ये, जाळी आणि सिमेंटच्या आडव्या पट्ट्यांची पद्धत दिलेली आहे. ती चालते, पण तिच्याखाली विटांची नक्षी कायमची गाडली जाते. म्हणून आम्ही भिंत आतून, जमिनीच्या फळ्यांखालून, कडीपाटाला बांधायचं ठरवलं.

पहिली तपासणी कुणीही उभ्या उभ्या करू शकतो. माडीवर जाऊन फळ्यांची दिशा बघा. फळ्या नेहमी कड्यांवर आडव्या ठोकलेल्या असतात. फळ्यांची लांबी रस्त्याच्या भिंतीकडे धावत असेल, तर खालच्या कड्या त्या भिंतीला समांतर आहेत, म्हणजे एकही कडी भिंतीत शिरलेली नाही आणि भिंतीला घराने कुठेच धरलेलं नाही. आत्याकडे नेमकं हेच होतं.

मग ओळंबा. वरच्या खिडकीच्या बाजूला, झरोक्यापासून दूर, दोरी सोडली. वर दोरी भिंतीपासून १२ मिलिमीटर होती, सव्वातीन मीटर खाली ३७. म्हणजे भिंत २५ मिलिमीटर बाहेर झुकलेली. आतल्या कोपऱ्यातली उभी भेग वर बोटभर आणि खाली केसाएवढी होती, तीही हेच सांगत होती. भेग वर रुंद असेल तर भिंत बाहेर निघते आहे असं समजावं. खाली रुंद असेल तर प्रकरण पायाचं असू शकतं आणि ते आधी सोडवावं लागतं. भेगेवर प्लास्टरचा ठिपका लावून त्यावर तारीख लिहा आणि निदान एक पावसाळा जाऊ द्या. ठिपका तडकला तर हालचाल चालू आहे. अशा भिंतीला नुसतं बांधून भागत नाही.

कड्यांसाठी स्क्रूड्रायव्हर पुरतो. बाजूच्या भिंतीत शिरलेलं प्रत्येक टोक टोचून बघा. आमच्याकडे अकरापैकी दोन टोकांत तो मुठीपर्यंत गेला. बाहेरून रंग शाबूत, आत वाळवीने पोखरलेला भुसा. भिंतीचा ओढा फळ्या आणि कड्यांमधून या बाजूच्या भिंतींकडे जायचा असतो. कुजलेल्या टोकाने तो कसा पेलावा? ती दोन टोकं सागाच्या जोडपट्ट्या लावून आधी दुरुस्त केली.

आता ओढा किती, हे इंजिनिअरकडून काढून घ्या, पण अंदाज आपल्यालाही हवा. माडीच्या जमिनीच्या पातळीवर या भिंतीचं एक मीटर लांबीचं वजन साधारण २.८ टन भरतं. त्याच्या पाव भागाएवढा आडवा ओढा धरला आणि दर १.२ मीटरला एक अँकर, म्हणजे भिंतीत रोवलेली सळई, ठेवला, तर प्रत्येकावर साडेआठशे किलोच्या आसपास येतात. असे सात बसले. १६ मिलिमीटरची स्टेनलेस सळई यापेक्षा कितीतरी जास्त ओढ सहज सोसते. कच्चा दुवा सळई नाही, तिच्याभोवतीचा चुना आणि वीट आहे. म्हणून खरी परीक्षा भिंतीची घ्यायची.

ती परीक्षा मागच्या, त्याच काळातल्या भिंतीत घ्या, जिथे कुणाची नजर जात नाही. तीन भोकं पाडा, ३०० मिलिमीटर खोल, आत जाताना थोडी खाली उतरती, म्हणजे सळई विटांच्या एकाहून जास्त थरांतून जाते आणि चुन्याचं मिश्रण बाहेर वाहत नाही. दर्शनी भिंतीत एवढ्याच खोलीने बाहेरची १५० मिलिमीटर वीट अस्पर्श राहते. ड्रिलचा हातोडा बंद ठेवायला सांगा, नुसतं फिरवून कापायचं, कारण ठोक्यांनी जुन्या विटा सैल होतात. सळईवर कापडी मोजा चढवून त्यात चुन्याचं ग्राउट, म्हणजे हेच पातळ मिश्रण, भरलं की ते पोकळ्यांमधून पसरून पलीकडच्या गिलाव्यामागे जात नाही. भिंतीवर जुनी चित्रं असतील तर मोज्याशिवाय हात लावू देऊ नका. महिनाभराने जॅकने ओढून बघायचं, हिशेबाच्या दीडपट, म्हणजे साधारण १२५० किलो.

आमची पहिली सळई ६०० किलोलाच सरकली. बाहेर काढली तर ग्राउटच्या अंगाला विटेच्या भुकटीचा लाल थर, हाताने पुसला जाईल असा. भोक साफच केलं नव्हतं! उरलेली दोन ब्रशने घासून, हवा मारून, किंचित ओलवून भरली होती. वीट कोरडी राहिली तर ग्राउटमधलं पाणी पिऊन टाकते. त्या दोन्ही पाच मिनिटं तसूभर हलल्या नाहीत. ही चाचणी टाळणाऱ्या ठेकेदाराला काम देऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

फळ्या उचलायच्या आदल्या दिवशी खोली रिकामी करा. प्रत्येक फळीच्या खालच्या अंगाला खडूने क्रमांक घाला, फोटो काढा, खिळे पटाशीने रेटून न काढता एकेक उपसा. आत्या स्वतः पाटावर बसून क्रमांक सांगत होती, कारण त्या फळ्या तिच्या वडिलांनी बसवून घेतल्या होत्या. भिंतीलगतच्या चार कड्यांच्या मधे सागाचे ठोकळे घट्ट बसतात, त्यावरून पोलादी पट्टी जाते, तिचं एक टोक सळईला आणि बाकी अंग चारही कड्यांना. एकाच कडीला पट्टी मारली तर भूकंपात ती कडीच उपटून येईल. पट्टीच्या जाडीएवढी खाच आधीच करून ठेवली तर फळ्या पुन्हा मूळ पातळीला बसतात. चुन्याला ओल आणि सावकाशी दोन्ही लागतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा.

अगाशीवरची हजार लिटरची टाकी कठड्यालगत असेल तर हलवा, भरली की ती एक टन असते. सुटा विटांचा कठडा मागून लोखंडी अँगलने धरून घ्या, तो रस्त्यावरून दिसत नाही.

एवढं करूनही भिंतीला भेगा पडू शकतात. या कामाने ती घरापासून सुटत नाही, इतकंच. आडव्या हादऱ्यात बाजूच्या भिंती स्वतः किती टिकतील, तो हिशेब वेगळा आणि तो करून घ्यायलाच हवा.

शेवटी सातही अँकर कोपऱ्यापासून किती अंतरावर आहेत, याचा कागद करा. आत्याने तो घराच्या दस्तऐवजांच्या पिशवीत ठेवलाय. दुसरी प्रत माडीच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवली आहे, कारण एसीसाठी भोक पाडणारा माणूस दस्तऐवज उघडून बघणार नाही.