एंड-टू-एंड एन्क्रिप्शन असूनही चॅट बाहेर कुठून जातं? या चुका टाळा

नवीन चॅट उघडलं की व्हॉट्सॲप वरच सांगतं, हे मेसेज आणि कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत. ही सूचना खरी आहे. एप्रिल २०१६ पासून तिथे सगळ्यांसाठी हे एन्क्रिप्शन आपोआप चालू असतं आणि त्यामागची सिग्नल प्रोटोकॉल ही पद्धत तज्ज्ञांनी पुन्हा पुन्हा तपासलेली आहे. गडबड होते ती या सूचनेचा अर्थ लावताना. चॅटमधलं काहीच कधीच कुणाला दिसणार नाही, असं लोक धरून चालतात.

समजा तुम्ही वकिलाला एका कराराचा फोटो पाठवला. तुमचा फोन त्या फोटोसाठी एक नवी किल्ली तयार करतो, तिने फोटो बंद करतो आणि बंद झालेली फाइल सर्व्हरवर चढवतो. किल्ली मेसेजच्या आतून जाते, आणि तो मेसेज फक्त वकिलांच्या फोनला उघडता येतो. त्यामुळे वायफायचा मालक, इंटरनेट पुरवणारी कंपनी किंवा खुद्द व्हॉट्सॲप, मधल्या कुणालाही करार वाचता येत नाही. मात्र ही हमी एका फोनपासून दुसऱ्या फोनपर्यंतच्या प्रवासाची आहे. पोचल्यावर फोटो दोन्ही फोनमध्ये उघडा असतो आणि पुढे त्याचं काय होतं, ते एन्क्रिप्शनच्या हातात राहत नाही.

चूक पहिली: बॅकअपही तसाच सुरक्षित आहे असं मानणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. चॅट बॅकअप चालू असेल तर फोन ठरलेल्या वेळी सगळ्या चॅटची प्रत अँड्रॉइडवर गूगल खात्यात आणि आयफोनवर आयक्लाउडमध्ये ठेवतो. साधा बॅकअप एंड-टू-एंड एन्क्रिप्शनच्या कक्षेबाहेर असतो. तो उघडण्याची किल्ली फक्त तुमच्याजवळ नसते, कंपन्यांकडेही असते. म्हणजे कायदेशीर आदेश आला तर ती प्रत तुमच्या फोनला हात न लावताही मिळू शकते.

२०१८ साली अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनफोर्ट यांच्या खटल्यात हे उघड दिसलं. साक्षीदारांशी एन्क्रिप्टेड ॲपवरून संपर्क साधल्याचा आरोप सरकारी पक्षाने त्यांच्यावर ठेवला. त्यासाठी कुणाला एन्क्रिप्शन फोडावं लागलं नाही. ज्यांना मेसेज आले होते त्यांनीच ते जपून ठेवून तपास यंत्रणेला दिले, आणि काही नोंदी मॅनफोर्ट यांच्या आयक्लाउड खात्यातून मिळाल्या. म्हणजे माहिती बाहेर पडली ती समोरच्या माणसाकडून आणि क्लाउडमधून.

उपाय सोपा आहे, फक्त तो आपणहून चालू करावा लागतो. व्हॉट्सॲपमध्ये इथे जा:

```
Settings > Chats > Chat backup > End-to-end encrypted backup
```

तिथे पासवर्ड ठेवता येतो किंवा ६४ अंकी किल्ली घेता येते. पासवर्ड विसरलात पण ॲप अजून तुमच्या फोनमध्ये चालू आहे, तर याच पानावरून तो बदलता येतो. फोनही गेला आणि पासवर्डही आठवत नाही, अशी वेळ आली तर मात्र बॅकअप कायमचा गेला. कंपनीही तो उघडून देऊ शकत नाही. म्हणून पासवर्ड किंवा किल्ली कागदावर किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये आधी नोंदवा आणि मगच हे चालू करा. किल्लीचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवला तर फोन हरवल्यावर त्याचा काही उपयोग नाही.

इथे दोन ठिकाणी हमखास घोळ होतो. टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा अंकी पिन ठेवलाय म्हणजे बॅकअपही बंदिस्त झाला, असं अनेकांना वाटतं. तो पिन तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर कुणी नोंदवू नये यासाठी असतो. बॅकअपशी त्याचा संबंध नाही. दुसरा घोळ आयफोनचा. पूर्ण फोनचा आयक्लाउड बॅकअप चालू असेल, तर व्हॉट्सॲपचा एन्क्रिप्टेड बॅकअप चालू केल्यानंतरही चॅटची एक साधी प्रत त्या मोठ्या बॅकअपमधून आयक्लाउडला जाते. ती थांबवायची तर आयक्लाउडच्या सेटिंगमध्येही बघावं लागतं. शेवटी Chat backup पानावर End-to-end encrypted backup समोर On दिसतंय ना, ते एकदा तपासा.

चूक दुसरी: समोरच्याचा फोन हिशेबात न धरणं

तुमचा बॅकअप बंदिस्त असला तरी वकिलांचा साधाच असेल, तर करार त्यांच्या बॅकअपमध्ये गेलाच. तुमच्या सेटिंगचा त्यांच्या फोनवर काही परिणाम होत नाही. आपोआप पुसले जाणारे मेसेजही इथे पुरे पडत नाहीत. मुदत संपण्याआधी बॅकअप झाला तर मेसेज त्यात जातो, आणि स्क्रीनशॉट किंवा दुसऱ्या फोनने काढलेला फोटो तर राहतोच. समोरच्याने तुम्हाला रिपोर्ट केलं तर तुमचे शेवटचे पाचपर्यंत मेसेज त्यांच्या फोनवरून व्हॉट्सॲपकडे जातात. त्यातही एन्क्रिप्शन मोडत नाही, वाचण्याचा हक्क असलेली व्यक्तीच ते पुढे देते. खरोखर नाजूक कागद असेल तर पाठवण्याआधी समोरच्याला बॅकअपबद्दल सरळ विचारा, त्यात संकोच कसला?

चूक तिसरी: मजकूर लपला म्हणजे संपर्कही लपला असं समजणं

मेसेज पोचवायचा तर तो कुणाला द्यायचा हे सर्व्हरला कळावंच लागतं. त्यामुळे करार वाचता आला नाही तरी कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला, किती वाजता, कोणत्या आयपी पत्त्यावरून आणि साधारण किती मोठी फाइल गेली, एवढं सेवा चालवणाऱ्याला दिसू शकतं. वाद सुरू असताना रात्री अकरा वाजता वकिलांना मोठी फाइल आणि लगेच वीस मिनिटांचा कॉल, एवढ्यावरूनच पुष्कळ अंदाज बांधता येतो.

यातलं किती जपून ठेवायचं हे मात्र प्रत्येक ॲप स्वतः ठरवतं, आणि खरा फरक तिथेच पडतो. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका तपासात सिग्नल या मेसेजिंग ॲपकडे एका वापरकर्त्याची माहिती मागितली गेली. त्यांच्याकडे देण्यासारख्या दोनच गोष्टी होत्या, खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकीचं त्यांनी साठवलेलंच नव्हतं. कुणाशी बोलतो हेही झाकायचं असेल तर ॲप निवडताना फक्त एन्क्रिप्शन आहे का, एवढं विचारून भागत नाही. ते काय साठवतात हेही पाहावं लागतं.

टेलिग्रामबद्दल थोडक्यात: तिथलं नेहमीचं चॅट आणि ग्रुप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात. चॅटसाठी हे एन्क्रिप्शन फक्त सिक्रेट चॅटमध्ये मिळतं, आणि सिक्रेट चॅट दोघांमध्येच होतं.

चूक चौथी: सुरक्षा कोड बदलल्याची सूचना सोडून देणं

समोरच्याने फोन बदलला किंवा ॲप नव्याने टाकलं की किल्ल्या बदलतात आणि चॅटमध्ये तशी ओळ येऊ शकते. बहुतेक वेळा कारण एवढंच असतं. पण त्यांचा नंबर दुसऱ्या कुणी स्वतःच्या फोनवर नोंदवला तरी हीच ओळ दिसते. व्हॉट्सॲपमध्ये ही सूचना सेटिंगमधून चालू करावी लागते. ती आली तर त्याच चॅटमध्ये खात्री करू नका, कारण तिथे उत्तर देणारा कोण, हाच प्रश्न असतो. साधा फोन करून विचारा, फोन बदललाय का. आणखी पक्कं करायचं तर भेटल्यावर संपर्काच्या माहितीतलं Encryption उघडून एकमेकांचा क्यूआर कोड स्कॅन करा, किंवा ६० अंक दोघांनी वाचून जुळवा. एक अंक जरी वेगळा निघाला, तर कारण कळेपर्यंत त्या चॅटवर काही पाठवू नका.