थंबनेलमधलं हळकुंड पहिल्या पाच सेकंदांत दिसू द्या

सांगलीतल्या हळदीच्या सौद्यांवर चाळीस मिनिटांचा व्हिडिओ केलाय असं समजा. थंबनेलवर मोडलेलं हळकुंड, आतला केशरी रंग आणि तीनच शब्द: ‘भाव कसा ठरतो?’ उजवा खालचा कोपरा मोकळा ठेवा, तिथे व्हिडिओची वेळ येते.

आता सुरुवात. ड्रोन, लोगो, ‘नमस्कार मंडळी’ हे सगळं मागे ढकला. पहिलंच दृश्य त्याच हळकुंडाचं, मोडल्याचा आवाज आणि व्यापाऱ्याचा एक शेरा. उत्तर मात्र लगेच देऊ नका. बघणाऱ्याला आपण योग्य जागी आलोय एवढं कळलं की तो थांबतो.

मग YouTube Studio मधला प्रेक्षक टिकण्याचा आलेख बघा. पहिल्या काही सेकंदांतच रेघ कोसळली, तर बहुधा थंबनेल आणि सुरुवात जुळत नाहीत.