या चुका टाळा: पाकिटावरच्या घटकयादीचा नुसता फोटो आणि खाली ‘चालेल का?’

नाशिकच्या रविवार कारंजावरच्या दुकानात चिवड्याचं पाकीट उचललं, मागच्या बाजूचा फोटो काढला, घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘चालेल का?’ उत्तरं पटापट येतात. कुणी पामतेल बघून ‘नको’ म्हणतं, कुणी हिरवा ठिपका बघून ‘चालेल, व्हेज आहे’ म्हणतं. कुणाला चालायला हवंय आणि कशाची भीती आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

इथेच पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक होते. ॲलर्जी असेल तर एखादा पदार्थ कणभर तरी आहे का, हे शोधायचं असतं. साखर किंवा बीपीची काळजी असेल तर तो पदार्थ किती आहे हे हवं असतं, आणि घटकयादी ते सहसा सांगतच नाही. दोन पाकिटांची तुलना करायची तर एका फोटोने भागत नाही. कुणाला फक्त इंग्रजी शब्दाचा अर्थ हवा असतो, तर एकादशीच्या आदल्या दिवशी आलेला फोटो बहुधा उपवासासाठी असतो. म्हणून फोटोखाली एक पूर्ण वाक्य लिहा: ‘भाच्याला सीलिॲक आहे, गहू आणि जव कणभरही नको, यात आहे का?’ सीलिॲक म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होण्याचा आजार. उत्तर देणाऱ्यानेही प्रश्न कळल्याशिवाय ‘हो’ म्हणू नये.

हेच उदाहरण पुढे नेऊ. समजा यादी अशी आहे: पोहे, शेंगदाणे, पामोलीन तेल, डाळं, सुकं खोबरं, तळलेला कांदा, साखर, मीठ, मसाले, हळद, हिंग, आम्लता नियंत्रक (३३०). गव्हाचं नाव कुठेही नाही. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफूल, त्याचीही भीती नाही. घाईत वाचणारा इथे ‘चालेल’ लिहून मोकळा होतो.

आता हिंगापाशी थांबा. खडा हिंग वेगळा आणि डबीतला पावडर हिंग वेगळा. पावडरीत मूळ हिंग थोडा असतो, बाकी डिंक आणि पीठ असतं, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. पाकिटावर इंग्रजीत ‘कंपाउंडेड असाफोटिडा’ असं लिहिलेलं दिसलं तर तो हाच हिंग. तळलेल्या कांद्याचंही तसंच आहे. घरी कांदा उभा चिरून तळला तर त्यात फक्त कांदा आणि तेल, पण तयार मिळणाऱ्या कुरकुरीत कांद्याला पुष्कळदा मैदा लावलेला असतो.

मग यादीत गहू का लिहिला नाही? आपल्याकडच्या २०२० च्या लेबल नियमांनुसार, अनेक घटकांचा मिळून बनलेला पदार्थ एकूण मालाच्या ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर त्याच्या पोटातले घटक (ॲडिटिव्ह सोडून) यादीत फोडून लिहिणं बंधनकारक नाही. चिवड्यात हिंग तर चिमूटभरच असतो. ही फट भरायची ती ॲलर्जीच्या वेगळ्या ओळीने, म्हणजे ‘कंटेन्स’ किंवा ‘यात आहे’ म्हणून दिलेल्या ओळीने. ही ओळ यादीच्या आसपास असते, पण फोटो काढताना नेमकी तीच कापली जाते. नुसत्या यादीचा फोटो ॲलर्जीसाठी अपुरा ठरतो तो यामुळे.

त्याच भागात कधी कधी ‘मे कंटेन’ असंही लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ असा की तो पदार्थ रेसिपीत नाही, पण त्याच कढईत, त्याच यंत्रावर किंवा त्याच जागेत तो हाताळला जातो. ज्या तेलात मैद्याच्या शंकरपाळ्या तळल्या, त्यातच पोहे तळले, तर सीलिॲकच्या मुलासाठी तो चिवडा बाद. शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर ‘दाणे वेचून दे’ हा सल्लाही चुकीचा आहे, कारण दाण्यांचा चुरा आणि सालं मसाल्याबरोबर प्रत्येक पोह्याला चिकटलेली असतात.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आपल्या नियमांतल्या ॲलर्जीच्या यादीत ग्लुटेन असलेली धान्यं, कवचाचे जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, काजू-बदामासारखे सुकामेव्यातले दाणे, सोयाबीन आणि ठरावीक मर्यादेवरचे सल्फाइट येतात. तीळ आणि मोहरी त्यात नाहीत. ‘मसाले’ या एका शब्दाआड दोन्ही राहू शकतात, म्हणून तिळाची ॲलर्जी असेल तर ‘कंटेन्स’ची ओळ कोरी दिसली तरी तिच्यावर विसंबू नका. सल्फाइटची गोष्ट नाशिककरांच्या रोजच्या खाण्यातली आहे: सोनेरी बेदाण्याचा रंग टिकवायला गंधकाची प्रक्रिया करतात, आणि पाकिटावर ती २२० किंवा २२३ सारख्या आकड्याने दिसते. दमा असलेल्या काही जणांना याचा त्रास होतो. हिरवा ठिपका यातलं काहीच सांगत नाही. तो फक्त शाकाहारी म्हणतो, आणि दूध, गहू, सोया हे सगळं शाकाहारीच आहे.

पोषणाचा प्रश्न असेल तर यादीकडून थोडंच मिळतं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे साखर तिसरी असेल तर ती शेकडा ३३ हून जास्त असू शकत नाही, एवढं नक्की. पण ती ३० आहे की ४, हे क्रमावरून कळत नाही. साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप अशा तीन नावांनी गोडवा विभागला की प्रत्येक नाव खाली सरकतं, तेही बघा. खरा आकडा पोषणाच्या तक्त्यात असतो, म्हणून त्याचा फोटो लागतोच. तुलना करताना दोन्ही पाकिटांचे ‘१०० ग्रॅममागे’ असलेले रकाने शेजारी ठेवा. ‘एका सर्व्हिंगमागे’चे आकडे ताडून उपयोग नाही, कारण एकाची सर्व्हिंग २० ग्रॅमची आणि दुसऱ्याची ३० ग्रॅमची असू शकते. समजा १०० ग्रॅममागे सोडियम ८०० मिलिग्रॅम आहे आणि बशीत ६० ग्रॅम चिवडा घेतला. पोटात ४८० मिलिग्रॅम गेलं. लेबलवर दिवसाचं प्रमाण २००० धरतात, त्यातला जवळजवळ पाव हिस्सा एका बशीत संपला.

भाषांतरात शब्दाला शब्द ठेवला की घोटाळा होतो. बकव्हीट म्हणजे गहू नव्हे, कुट्टू. कोको बटरमध्ये लोणी नसतं आणि नटमेग म्हणजे जायफळ. उलट ‘माल्ट एक्स्ट्रॅक्ट’ निरुपद्रवी वाटतं, पण ते बहुतेक वेळा जवाचं असतं, म्हणजे त्यात ग्लुटेन आलं. ‘व्हे’ आणि ‘केसीन’ दोन्ही दुधातले.

फोटो काढताना पाकीट पालथं सपाट करा, खिडकीच्या उजेडात थोडं तिरकं धरा आणि फ्लॅश बंद ठेवा. चकाकी पडली की ३३० चा ३२० वाचला जातो, आणि ते दोन पदार्थ पूर्ण वेगळे आहेत. एक फोटो यादी आणि ॲलर्जीच्या ओळीचा, दुसरा पोषणतक्त्याचा, तिसरा बॅच नंबर आणि तारखेचा. मागच्या दिवाळीचा फोटो पुन्हा वापरू नका, रेसिपी बदलते.

तरीही हिंगाचं कोडं सुटलं नाही तर पाकिटावरच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन लावा. ‘गहू आहे का?’ असं विचारलं तर यादी वाचून ‘नाही’ असं सांगितलं जाईल. त्याऐवजी नेमकं विचारा: ‘या बॅचमधला हिंग कोणत्या पिठात बांधलेला आहे? कांद्याला पीठ लावलंय का? याच तेलात मैद्याचं काही तळता का?’ तिन्हींची स्पष्ट उत्तरं मिळेपर्यंत ते पाकीट मुलापुढे ठेवू नका.