‘अकाउंटेबिलिटी’ इंडोनेशियनमध्ये नेताना

सरकारी मसुद्यात ‘अकाउंटेबिलिटी’ दिसली की आधी बघा, हिशेब कशाचा द्यायचाय. खात्याच्या कामगिरीचा असेल तर ‘आकुन्ताबिलितास’च ठेवा, 2014 च्या राष्ट्राध्यक्षीय नियम क्र. 29 मध्ये हाच शब्द आहे. खर्चाच्या पावत्यांचा असेल तर ‘पर्तांगुंगजवाबान’. नुसतं ‘तांगुंग जवाब’ म्हणजे जबाबदारी. एकाच वाक्यात ‘रिस्पॉन्सिबिलिटी’ही असली आणि दोन्हींना तेच लावलं, तर काम करणारा आणि जाब देणारा यांतला फरकच पुसला जातो.

‘स्टेकहोल्डर’ला ‘पमांकू कपन्तिंगान’ रूढ आहे, पण फार ऐसपैस. धरणात जमीन जाणारे गावकरी अभिप्रेत असतील तर सरळ ‘वार्गा तर्दाम्पाक’, म्हणजे बाधित रहिवासी, लिहा. नाहीतर ते खाती आणि कंपन्यांच्या गर्दीत हरवतात.