बाल्कनी नर्सरीची टॅगलाइन लिहिताना या चुका टाळा

सोसायट्यांच्या वस्तीतल्या कुठल्याही नर्सरीत शनिवारी संध्याकाळी तासभर उभे राहा. गिऱ्हाइकांच्या तोंडून दोन वाक्यं फिरून फिरून ऐकू येतील. "आमच्याकडे ऊनच येत नाही हो," आणि "रोज पाणी घालायला घरी असतं कोण?" मोगऱ्याची कुंडी हातात घेतलेली असते, भाव विचारून झालेला असतो, आणि या वाक्यांपाशी येऊन ती कुंडी परत जागेवर जाते. फ्लॅटवाल्यांसाठी नर्सरी चालवायची असेल तर टॅगलाइनने नेमकं याच माणसाला थांबवायला हवं. बहुतेक पाट्यांवरच्या ओळी तसं करत नाहीत. त्यामागच्या चुका ठरावीक आहेत आणि त्या दुरुस्तही करता येतात.

कुणालाही चालेल अशी ओळ

"निसर्गाच्या सान्निध्यात", "हिरवाईशी नातं जोडू या", "हिरवं स्वप्न, तुमच्या दारी". अशा ओळी वाचायला बऱ्या वाटतात, पण त्या खास तुमच्या नर्सरीच्या नसतात. तपासणं सोपं आहे. पाटीवरचं नर्सरीचं नाव झाका आणि तिथे एखाद्या गृहप्रकल्पाचं नाव ठेवून ओळ परत वाचा. बिल्डरच्या होर्डिंगवर ती तशीच्या तशी खपत असेल तर ती बाद. मग हायवेवरच्या मोठ्या नर्सरीचं नाव ठेवून बघा, जिथे आंब्याची कलमं आणि लॉनच्या लाद्या मिळतात. तिथेही ती चालली तर समोरून जाणाऱ्या फ्लॅटवाल्याला ही जागा आपल्यासाठी आहे हे कळणार कसं?

झाडाला न झेपणारं वचन

सगळ्यात जास्त नुकसान ही चूक करते. "ऊन नको, पाणी नको, तरी झाड हिरवं!" या ओळीला ठेका आहे, यमकासारखी ती तोंडात बसते, आणि ती खोटी आहे. स्नेक प्लांट, झीझी, मनी प्लांट, अ‍ॅग्लोनिमा ही झाडं थेट उन्हावाचून राहतात, उजेडावाचून नाही. "ऊन नको" वाचून गिऱ्हाईक झीझीची कुंडी खिडकी नसलेल्या बाथरूममध्ये ठेवतं. झीझीच्या मुळाशी बटाट्यासारखे गड्डे असतात आणि त्यांत पाणी साठलेलं असतं, त्यामुळे ती काही महिने तग धरते. मग फांद्या लांबट, मऊ होतात, पानं पिवळी पडतात. एव्हाना ओळ विसरलेली असते, पण नर्सरीचं नाव लक्षात राहिलेलं असतं.

म्हणून ओळ पक्की करण्याआधी आपण "कमी उजेड" कशाला म्हणतो ते ठरवून घ्या. दुपारी बाराच्या सुमारास झाड ठेवायच्या जागी पांढरा कागद ठेवायचा आणि त्याच्या फूटभर वर हात धरायचा. सावलीची कड स्पष्ट दिसली तर उजेड भरपूर आहे. सावली पुसट पण ओळखता येण्याजोगी असेल तर वरची चारही झाडं तिथे राहतील. सावली पडतच नसेल तर तिथे कुठलंच झाड विकू नये. ही चाचणी काउंटरवरच्या मुलाला शिकवून ठेवा. टॅगलाइनमधला प्रत्येक शब्द तिच्याशी जुळायला हवा.

ऋतूचंही भान हवं. आपल्याकडे मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो, त्यामुळे एरवी सावलीत असलेल्या उत्तरेच्या बाल्कनीत तेव्हा सकाळ-संध्याकाळ तिरकं ऊन येतं आणि अ‍ॅग्लोनिमाची पानं भाजून तपकिरी होतात. "बारा महिने" हे शब्द ओळीत घालायचा मोह होतो. या एका कारणासाठी तो टाळा.

"घरातली हवा शुद्ध करणारी झाडं" ही ओळ तर अजून सर्रास दिसते. तिचं मूळ नासाच्या 1989 सालच्या अभ्यासात आहे, पण तो प्रयोग बंद पेटीत केलेला होता. 2019 साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. उघड्या खिडक्या-दारांतून हवा जितकी बदलते त्याची बरोबरी करायची तर दर चौरस मीटरला किमान 10 कुंड्या लागतील, कदाचित त्याहून कितीतरी जास्त, असा हिशेब त्यातून निघाला. सहा फुटी बाल्कनीत कपड्यांचा स्टँड आणि वॉशिंग मशीन ठेवून उरलेल्या जागेत हे होणार नाही. झाड सुंदर दिसतं, डोळ्यांना बरं वाटतं, हे पुरेसं खरं आहे. तेवढंच म्हणा.

दोन अर्थ निघणारे शब्द

"कमी उन्हात, कमी वेळात हिरवीगार बाल्कनी." वरवर पाहता ही नेमकी ओळ वाटते, कारण ऊन आणि वेळ दोन्ही तिच्यात आहेत. पण मोठ्याने वाचा. "कमी वेळात हिरवीगार" म्हणजे लवकर हिरवीगार, असंच कुणालाही वाटेल. आपल्याला म्हणायचं होतं की देखभालीला वेळ कमी लागतो, आणि वचन गेलं भराभर वाढण्याचं. सावलीतल्या झीझीला एक नवी फांदी काढायला कित्येक आठवडे लागू शकतात. महिन्याभराने "वाढतच नाही" म्हणून गिऱ्हाईक परत येईल आणि पाटीकडे बोट दाखवेल. त्याचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

इलाज असा: ओळ लिहिल्यावर ज्याला नर्सरीतलं काही माहीत नाही अशा माणसाला ती फोनवर वाचून दाखवा. समजावू नका, फक्त विचारा, "या दुकानात काय मिळत असेल?" उत्तर ऐकताना त्याचे शब्द लिहून घ्या. फोनवर पाटीचं डिझाइन आणि हिरवा रंग मदतीला येत नाहीत, त्यामुळे ओळीतला गोंधळ लगेच बाहेर येतो.

गिऱ्हाइकाला आळशी म्हणणं

"आळशी लोकांसाठी झाडं." सकाळी साडेसातची लोकल पकडून रात्री नऊला घरी येणाऱ्या बाईला हे वाचून काय वाटेल? तिच्याकडे वेळ नाही, आणि हौस आहे म्हणूनच ती नर्सरीत आली आहे. कमीपणा झाडाच्या गरजांचा सांगा, माणसाचा सांगू नका.

एक ओळ तयार करून बघू

समजा, ठाण्याच्या घोडबंदर रोडला एक छोटी बाल्कनी नर्सरी आहे. पाटीवर "हिरवाईशी नातं जोडू या" आहे आणि ते बदलायचं आहे. सुरुवात गिऱ्हाइकांच्या दोन वाक्यांपासून करू: ऊन नाही, रोज पाणी होत नाही.

पहिला मसुदा: "ऊन नाही? वेळ नाही? काळजी नाही!" यात झाड कुठेच नाही. विमा एजंटही हेच म्हणेल. बाद.

दुसरा: "सावलीतली झाडं, बिनकटकटीची." आता झाड आलं, सावली आली. पण "बिनकटकटीची" म्हणजे नक्की काय, हे प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवणार. कुणाला वाटेल महिनाभर गावी गेलं तरी चालेल. कटकट किती, याचं माप हवं. फ्लॅटवाल्याच्या आठवड्यात झाडांकडे बघायची फुरसत रविवारी असते, म्हणून ते माप रविवार.

तिसरा: "सावलीत रमणारी, रविवारपर्यंत थांबणारी झाडं." हा ऐकायला छान आहे. पण फोनच्या चाचणीत "रविवारपर्यंतच विक्री आहे का?" असं कुणी विचारू शकतं, कारण झाड कशासाठी थांबतंय ते ओळीत नाही. पाणी हा शब्द आलाच पाहिजे.

चौथा: "सावलीत रमणारी, रविवारच्या पाण्यावर जगणारी झाडं." कुठे ठेवायचं आणि किती बघायचं, दोन्ही एका दमात समजतं. "बाल्कनी" हा शब्द नर्सरीच्या नावात आहेच, तो ओळीत परत कोंबायला नको. शिवाय "सावलीत" म्हटल्यावर अंधारी खोली कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, झाडाखालची किंवा समोरच्या बिल्डिंगची सावली येते, आणि तीच अपेक्षित आहे. मी हीच ठेवीन.

ओळ लिहिली, पण दुकान तसंच राहिलं

आता खरं काम आहे, कारण रविवारचं पाणी हे मोजता येणारं वचन आहे. चार इंची पिशवीतला मनी प्लांट एप्रिलमध्ये बाल्कनीत दोन-तीन दिवसांत सुकतो. तोच आठ इंची प्लास्टिकच्या कुंडीत, मातीत कोकोपीट मिसळून लावला तर आठवडा काढू शकतो. मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून उडतं, तिथे आठवड्याचा भरवसा देता येत नाही. तेव्हा ही ओळ लावायची असेल तर झाडं पिशवीतून न विकता मोठ्या कुंडीत बसवूनच द्यायला हवीत. किंमत वाढेल, पण ओळ खरी ठरेल.

पीस लिलीचं काय? ती सावलीत फुलते म्हणून प्रत्येकाला हवी असते, पण मे महिन्यात बुधवार-गुरुवारीच मान टाकते. तिला तळाशी पाण्याची टाकी आणि कापडी वात असलेल्या कुंडीत द्या, नाहीतर वेगळ्या रॅकवर ठेवून "उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पाणी" अशी चिठ्ठी लावा. स्नेक प्लांट आणि झीझीची अडचण उलटी आहे. ओळ वाचून माणूस पावसाळ्यातही दर रविवारी इमानदारीने पाणी घालतो आणि बुंधा मऊ पडून झाड कुजतं. त्यांच्या कुंडीत कोकोपीट बेताचं ठेवा, खडी किंवा परलाइट जास्त घाला, आणि बिलासोबत एक चिठ्ठी द्या: बोट दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर हा रविवार सोडा.

गुलाब, जास्वंद, मोगरा यांना रोज किमान चार-पाच तास ऊन लागतं. ते विकायचे असतील तर दुकानाच्या मागच्या बाजूला, स्वतंत्र पाटीखाली. टॅगलाइनच्या खाली पहिल्या रांगेत गुलाब दिसला की ओळीवरचा विश्वास तिथेच संपतो.

पाटी रंगवून घेण्याआधी एवढं बघा. महाराष्ट्रात 2022 पासून लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक आहे आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. त्यामुळे ओळ आधी मराठीतच पक्की करा, इंग्रजीतून उतरवू नका. वळणदार फॉण्टमध्ये "रमणारी"चा र आणि "रविवार"मधला व रस्त्यापलीकडून नीट वाचता येतात का ते फ्लेक्स छापण्याआधी साध्या प्रिंटवर, वीस पावलं मागे जाऊन तपासा. पाटी, कुंडीवरचा स्टिकर, पिशवी आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची दुकानाची माहिती, सगळीकडे हीच ओळ शब्दशः ठेवा. मालात बदल झाला, म्हणजे उद्या कॅक्टस आणि सक्युलंट पहिल्या रांगेत आले, तर मात्र "सावलीत रमणारी" हे शब्द त्याच दिवशी बदलायला हवेत. त्या झाडांना कडक उजेड लागतो.