नवं भजन मंचावर नेण्याआधी शब्दांचे नको ते अर्थ कसे शोधावेत

भजन लिहून झालंय, चाल लागलीय, शुद्धलेखन तपासून झालंय असं धरून चालतो. त्यापुढचं सांगतो, कारण इथे मिळणारा नेहमीचा सल्ला कुचकामी आहे. "दोन जाणत्यांकडून वाचून घ्या" म्हणतात. जाणता माणूस कागद वाचतो आणि कागदावर काहीच चूक नसते. घोटाळा गाताना होतो.

गोकुळाष्टमीला आमच्या मंडळाने नवं भजन बसवलं होतं. ध्रुवपद होतं, "देवकीसुत कान्हा". वाचा, निर्दोष आहे. मीही वीस वेळा वाचलं होतं. कार्यक्रमात दुसऱ्या फेरीला पुढच्या रांगेतल्या एका आजींनी शेजारणीला विचारलं, "कोण गेलं गं?" टाळकरी तोवर जोरात म्हणत होते, "सुतका न्हा, सुतका न्हा." देवाच्या जन्माच्या रात्री आम्ही अख्ख्या देवळाला सुतकाची आंघोळ सांगत होतो!

हे कसं झालं ते नीट बघा, कारण निम्म्याहून अधिक चुका याच जातीच्या असतात. बोलताना आपण "सुत्" असं म्हणून थांबतो, शेवटचा अ उच्चारत नाही. गाताना तो अ पुरा येतो, कारण स्वर धरायला काहीतरी लागतं. मग "त" मोकळा होऊन पुढच्या शब्दाला चिकटतो. त्यात केरव्याच्या आठ मात्रांत आमची चाल अशी बसली होती:

दे ऽ व ऽ की ऽ ऽ ऽ
सु त का ऽ न्हा ऽ ऽ ऽ

"देवकी" वर लांब थांबा, तिथेच श्वास, आणि सम पडते "सु" वर. देवकी आणि सुत यांचं नातं तिथेच तुटलं. वर मागच्यांनी उचलायचा तुकडा दुसऱ्या ओळीचा, म्हणजे नेमकं तेवढंच सात-आठ वेळा ऐकू येणार.

म्हणून कवीचा कागद बाजूला ठेवा आणि गाण्याचा कागद करा. प्रत्येक ओळ वरच्यासारखी मात्रांत मांडा, पण शब्दांमधली मोकळी जागा काढून टाका. जिथे श्वास घेता तिथे उभी रेघ, समेवर फुली, आणि मागचे जेवढं उचलतात तेवढ्याखाली अधोरेखा. आता रेघेपासून रेघेपर्यंत जे उरतं ते एक शब्द समजून वाचा. अधोरेखित तुकडे वेगळे वाचा, आधीचं काही माहीत नसल्यासारखे. कंटाळवाणं काम आहे, एका भजनाला अर्धा-पाऊण तास जातो. मी ते टाळत नाही.

यातली सगळ्यात लबाड जागा म्हणजे ओळीचं शेपूट आणि तिचंच तोंड. ध्रुवपद फिरून फिरून येतं, म्हणजे शेवटचं अक्षर पहिल्या अक्षराला भेटतं. कागदावर ही भेट कुठेच दिसत नाही. ओळ "रमला" ने सुरू होऊन "राम" वर संपत असेल, तर दुसऱ्या फेरीला "राऽऽ मरमला" होतं आणि लोकांना "मर" ऐकू येतं. मरा मरा म्हणता म्हणता वाल्याच्या तोंडी राम आला ही गोष्ट आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे; इथे प्रवास उलटा होतो. म्हणून प्रत्येक ध्रुवपद सलग तीनदा लिहून काढा, मगच वाचा.

दुरुस्ती करताना घाई करू नका. "सुत" काढून मी "देवकीबाळ कान्हा" केलं आणि खूश झालो. पुन्हा मात्रांत मांडलं, तर "बाळका न्हा". अशुभ नाही, पण आता देवाला आंघोळीला पिटाळत होतो. शेवटी "देवकीचा कान्हा" ठेवलं: "चा" दीर्घ आहे, तो पुढच्याला चिकटत नाही, आणि सम "का" वर येते. बदललेला प्रत्येक शब्द पहिल्यापासून तपासायचा, सवलत नाही.

शब्द बदलायचा की चाल, यावर माझं मत ठाम आहे. रचना आपली असेल तर शब्द बदला. संतांची असेल तर शब्दाला हात लावायचा नाही, श्वासाची जागा हलवायची. देवाच्या नावालाही तेच. "केशवा" मध्ये "के" वर थांबलात तर पुढे "शवा" उरतो. म्हणून केशव टाकायचा नसतो; सम "के" वर घ्या, तिन्ही अक्षरं एका दमात म्हणा आणि लांबवायचं ते "वा" वर लांबवा.

दुसरी गडबड उच्चाराची. "चित्ता" वरचा जोर ढिला पडला की "चिता" होते. "शरण" म्हणताना श सैल सुटला की "सरण". एकटा गायक सांभाळून म्हणतो, पंधरा टाळांच्या गजरात मात्र हे बारकावे बुडतात. तेव्हा तालमीत पूर्ण साथीसह, फोन सभागृहाच्या मागच्या भिंतीशी ठेवून ध्वनिमुद्रण करा. ज्याने शब्द पाहिलेले नाहीत अशा माणसाला ते ऐकवा आणि जे ऐकू येईल ते लिहायला सांगा. अर्थ विचारू नका. कवी आणि गायक या कामाला निरुपयोगी. त्यांना जे लिहिलंय तेच ऐकू येतं. दहा-बारा वर्षांची मुलं उत्तम. चावट काही निघत असेल तर ती आधी हसतात, मग सांगायला लाजतात. ती कुठे हसली ती ओळ टिपून ठेवा, पुरे.

प्रसंगाचं पाहायला पाच मिनिटं लागतात. बारशाला दहावा-तेरावा हे शब्द आकड्यांच्या निमित्तानेही नकोत, आणि निरोपाचा अभंग सत्यनारायणाला नको. हिंदीतून उचललेले शब्द मराठी कानाने ऐका: "गुरू देई शिक्षा" म्हटलं की आपल्याकडे छडी आठवते.

कुठे थांबायचं हेही सांगतो. काही जण पहिलं अक्षर दग्ध आहे का, पहिला गण शुभ आहे का, इथपर्यंत जातात. मी जात नाही, श्रोत्याला ते ऐकूच येत नाही. मम्मटाने अकराव्या शतकात काव्यप्रकाशात अश्लील दोषाचे तीन प्रकार सांगितले: लाज आणणारा, किळस आणणारा आणि अमंगल. संधीतून उपजणारं अश्लीलही त्याने दोषांत धरलंय. माझी चाळणी तेवढीच. मरण, देह, माती हे शब्द अर्थ धरून आले असतील तर राहू द्या. ते काढत बसलात तर निम्मी संतवाणी गाता येणार नाही.

इतकं करूनही एखादं मंचावरच सापडतं. त्यासाठी प्रत्येक ध्रुवपदाला त्याच मात्रांचा एक पर्यायी तुकडा तालमीतच पाठ करून ठेवा आणि तो कोण उचलणार ते ठरवा. आमच्याकडे पेटीवाला मान हलवतो, मी "नंदाचा कान्हा" घेतो, मागचे तेच धरतात. मधे थांबून शब्द सुधारायला जाऊ नका. ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळतं.